पोटॅशियम आत का शिरतं?

> "बाकी पेशींत पोटॅशियम बाहेर जातं, मग कानातल्या केशपेशीत ते आत कसं शिरतं?"

कारण ही पेशी दोन वेगळ्या द्रवांच्या मध्ये उभी असते. आतल्या कानातल्या शंखासारख्या कॉक्लियाच्या मधल्या नळीतला द्रव शरीरातल्या इतर बाह्य द्रवांसारखा नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि त्याचा विद्युतदाब सुमारे +८० मिलिव्होल्ट असतो. पेशीच्या आत साधारण −५०. म्हणजे पेशीच्या माथ्यावरच्या सूक्ष्म केसांपाशी धन प्रभाराच्या पोटॅशियमला आत ढकलणारा १३० मिलिव्होल्टचा फरक तयारच असतो.

आवाजाने पेशीखालचा पडदा हलला की केस उंच केसाच्या बाजूला झुकतात. प्रत्येक आखूड केसाचं टोक शेजारच्या उंच केसाला बारीक धाग्याने बांधलेलं असतं. तो धागा ताणला की केसातली वाहिनी, म्हणजे प्रभारित कणांची वाट, उघडते आणि पोटॅशियम आत घुसतं. केस उलटे झुकले की धागा सैल पडतो, वाहिनी मिटते. आत आलेल्या प्रभारामुळे तळाशी कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, ग्लुटामेट हे संदेश नेणारं रसायन सुटतं आणि चेतातंतू पेटतो. तळाशी मात्र नेहमीचा, कमी पोटॅशियमचा द्रव असतो, त्यामुळे तिथून ते आपोआप बाहेर पडतं. पेशीला त्यासाठी फारशी ऊर्जा खर्चावी लागत नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं!

खर्च करते ती नळीच्या बाहेरच्या भिंतीतली रक्तवाहिन्यांची पट्टी. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध शिरेतून मोठ्या डोसमध्ये, भराभर दिलं तर हीच पट्टी मंदावते आणि ते +८० घसरतात. केशपेशी शाबूत असूनही ऐकू कमी येतं. बहुतेकदा औषध उतरलं की ऐकणं परत येतं.