मदत हवी आहे: करडई तेलाच्या सात टीझर रील्स लोकांना उलट्यासुलट्या क्रमानं दिसू नयेत म्हणून काय करू?

घाणेवाली, लातूर: दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, आमच्या लाकडी घाण्याचं करडई तेल विक्रीला येतंय. आधीचा आठवडाभर रोज एक रील टाकायची आहे: करडईचा काटा, बी, घाणा, तेलाची धार, बाटली, भाव आणि शेवटी पत्ता. मागच्या वर्षी तिळाच्या तेलाला असंच केलं. पहिली रील 2,100 जणांनी पाहिली, चौथी जेमतेम 300. विक्री सुरू होऊन आठवडा झाला तरी 'तीन दिवस बाकी'वाली रील फिरतच होती. खाली लोक विचारायचे, 'कशाला तीन दिवस?' चुकलं कुठं?

नांदेडकर: ताई, वेळ चुकली असेल. रोज संध्याकाळी सातलाच टाका, लोकांना सवय लागते.

घाणेवाली: सातलाच टाकत होते, भाऊ.

रानातला, सेलू: माझ्याकडं चार क्विंटल करडई पडून आहे. घेता का? काय भावानं?

कॅमेरावाला, संभाजीनगर: ठरलेली वेळ जुन्या फॉलोअरांपुरती कामाची. अनोळखी माणसाला रील चार-आठ दिवसांनीही दिसते आणि क्रमानं दिसत नाही. पाचवी आधी येते, पहिली कधी येतच नाही. म्हणून 'उद्या', 'तीन दिवस बाकी' हे सगळं स्टोरीत टाका, ती 24 तासांत निघून जाते. काउंटडाउन स्टिकरही तिथंच लावा. ज्यानं आठवण मागितली त्याला वेळ संपल्यावर सूचना जाते. रीलवर फक्त 'करडई तेल, 2 ऑक्टोबरपासून, लातूर'.

आणि वस्तू काय आहे ते झाकू नका. नावाजलेल्या कंपनीसाठी लोक थांबतात, आपल्यासाठी पुढं सरकतात. कोडं ज्या रीलमध्ये घालाल त्याच रीलमध्ये सोडवा. काट्याचंच घ्या. सुरुवातीला झुंजूमुंजू उजेडात हाताला फडकं गुंडाळलेली बाई दाखवा आणि विचारा, 'करडई पहाटेच का काढतात?' शेवटी दवानं भिजलेलं पान चिमटीत धरा: ओलाव्यानं काटे मऊ पडतात, टोचत नाहीत. अशी रील दसऱ्यानंतर दिसली तरी शिळी होत नाही.

घाणेवाली: काढणीचं शूटिंग फेब्रुवारीतलं आहे, पण भर दुपारचं. आता रानात करडई नाही.

कॅमेरावाला: मग पहाटेची गोष्ट सोडा. दुपारच्या उन्हात ती सांगितली तर शेतकरी लगेच ओळखतील. बोंडं बडवून पांढरं बी पडतं, ते जवळून घ्या.

रानातला: वाळलेली बोंडं माझ्याकडं आहेत, ताई. कॅमेरा घेऊन या, बी पण बघून जा.

नांदेडकर: भाव मात्र शेवटच्या दिवशीच सांगा.

कॅमेरावाला: मी पाचव्या दिवशी सांगेन. ज्याला परवडतं तो दोन दिवस आधी मागणी नोंदवतो, म्हणजे किती बाटल्या भरायच्या त्याचा अंदाज येतो.

घाणेवाली: भावावरून घरात पण दोन मतं आहेत, ते अजून ठरलं नाही. 'इतके दिवस बाकी'ची मोजणी आज रात्रीच रील्समधून काढते. सेलूचे दादा, रविवारी येते, बी चाळून ठेवा.