आजारपणानंतर लेकराला कुशीत झोपवावे की पुन्हा त्याच्या गादीवर?

प्रश्न, सांगलीची आई: माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे. न्यूमोनियामुळे त्याला मिरजेत ॲडमिट करावे लागले होते. आधी तो माझ्या शेजारी स्वतःच्या छोट्या गादीवर रात्रभर झोपत असे. घरी आल्यापासून तो माझ्या गळ्यात हात घालूनच झोपतो आणि मी उठले की किंचाळून जागा होतो. औषधे संपली आहेत, ताप नाही. सासूबाई म्हणतात राहू दे, नवरा म्हणतो सवय लागेल. कोणाचे ऐकावे?

कऱ्हाडचे बाबा: तुमच्या यजमानांचे म्हणणे मला पटते. आजारात लाड होणारच, पण घरी आल्यावर झोपेची वेळ आणि जागा लगेच पूर्ववत करावी. दोन-तीन रात्री रडेल, मग आपोआप विसरेल. उशीर कराल तितके ते जड जाईल.

मिरजेची निवृत्त परिचारिका: वेळ पूर्ववत करावी हे बरोबर आहे, मात्र रडू देण्याला माझा विरोध आहे. बालरुग्ण विभागात इतकी वर्षे काम केल्यामुळे सांगते की, तिथे मध्यरात्री दिवा लागतो, कोणी अनोळखी माणूस हात धरून सलाईनची सुई तपासतो, कोणी तोंडावर वाफेचा मास्क धरतो, आणि हे सगळे मूल गाढ झोपेत असताना घडते. डोळा लागला की कोणीतरी येते, हे ते शिकून आलेले असते. म्हणून आई जागेवर आहे की नाही, हे ते झोपेतही चाचपत राहते. त्याला एकट्याने रडू दिले तर ती भीती खरी ठरते.

पण आधी दुखणे नाही ना, याची खात्री करा. उचलताच शांत होऊन लगेच झोपणारे मूल बहुधा घाबरलेले असते. कडेवरही रडत राहणारे, किंवा उभे धरल्यावर थांबून आडवे करताच पुन्हा रडणारे मूल कानाच्या वा श्वासाच्या त्रासाने रडत असू शकते. तो शांत झोपलेला असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजा. या वयात श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त भरले, अथवा फासळ्यांखाली खळगा पडताना दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सुई लावलेली जागा लाल, गरम किंवा टणक आहे का, तेही पाहा.

हे सगळे ठीक असेल आणि तो दिवसा पूर्वीसारखा खेळत-जेवत असेल, तर सुरुवात करा. त्याची गादी तुमच्या गादीला चिकटवा आणि गळ्यातल्या मिठीऐवजी त्याच्या छातीवर तुमचा हात ठेवा. तीन-चार रात्री हे जमले की हात फक्त डोळा लागेपर्यंत ठेवा, मग गादी वीतभर सरकवा. रडला तर तिथेच बसून थोपटा. उठायचे असेल तेव्हा गुपचूप निसटू नका, "पाणी पिऊन येते" असे सांगून जा आणि खरोखर लगेच या, कारण चोरपावलांनी गेलेल्या आईवर मूल दुसऱ्या रात्री अधिक पहारा ठेवते. दुपारची झोप चारपर्यंत आटोपली तर रात्रीचे काम सोपे होते.

साताऱ्याची आजी: माझ्या नातीचे टॉन्सिलचे ऑपरेशन झाले तेव्हा वेदनाशामक औषधाचा अंमल उतरला की ती मध्यरात्री रडत उठायची, म्हणून बाळालाही दुखतच असणार असे मला वाटते. सर्दीच्या औषधाने गुंगी येते, ते रात्री थोडे दिले तर झोप लागेल.

मिरजेची निवृत्त परिचारिका: आजी, तुमच्या नातीला खरोखरच दुखत होते. या बाळाची लक्षणे तशी दिसत नाहीत. आणि झोपेसाठी सर्दीचे औषध कृपा करून देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलात त्याने श्वास मंदावू शकतो, आणि हे बाळ नुकतेच छातीच्या आजारातून उठले आहे.

इस्लामपूरची नोकरदार आई: परिचारिकाताईंची रीत योग्य आहे, तरी सगळा भार आईवरच का? सकाळी कामावर जाणारी बाई रोज रात्री थोपटत कशी बसेल? एका रात्री बाबांचा हात छातीवर असावा. आईशिवायही आपण सुरक्षित आहोत, हे त्याला कळायला हवे.

मिरजेची निवृत्त परिचारिका: बाबांनी जरूर यावे, परंतु दवाखान्यात रात्री जे माणूस सोबत होते, तेच पहिल्या आठवड्यात असावे, असे माझे मत आहे. माणूस आणि पद्धत दोन्ही एकदम बदलू नयेत.

इस्लामपूरची नोकरदार आई: मग तो आठवडा आईने जागून काढायचा, हे मला मान्य नाही. निदान पहाटेची पाळी तरी बाबांनी घ्यावी.

कऱ्हाडचे बाबा: एकट्याने रडू देण्याचा मुद्दा मी मागे घेतो. तरीही मुदत हवी. अशा रीतीने महिना-महिना निघून जातो.

मिरजेची निवृत्त परिचारिका: बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही रात्री तशाच राहिल्या, किंवा दिवसाही कोणी जवळ आले की तो थरथरू लागला, तर बालरोगतज्ज्ञांना नक्की सांगा.