दर ओनरमागे सरसकट दहा टक्के? हे सूत्र आलं कुठून?

शंतनू_वाकड: २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल बघितली, ७१ हजार किमी, थर्ड ओनर, डीलर ४.९० मागतोय. इन्स्पेक्शन रिपोर्टला १० पैकी ८.१ मार्क आहेत. माझं सूत्र सरळ आहे, पहिल्यानंतरच्या दर ओनरमागे १० टक्के कापायचे आणि ५० हजारांच्या वर दर दहा हजार किमीला १० हजार. जवळपास ३.७० येतात, तेवढीच ऑफर देणार. बाकी सगळा भावनांचा खेळ असतो.

ग्रीसचे_हात: हडपसरला गॅरेज आहे माझं, बावीस वर्षं झाली, म्हणून राहवलं नाही. पहिली चूक म्हणजे तू डीलरच्या ४.९० पासून कापायला सुरुवात केलीस. त्याने उद्या ५.४० सांगितले तर तुझी ऑफरही वर जाणार, म्हणजे भाव तोच ठरवतोय, तू नुसती वजाबाकी करतोयस. आधी त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या, ६५ ते ८० हजार चाललेल्या फर्स्ट ओनर गाड्या पुण्यात कितीला *सुटतात* ते काढ, कितीला मागतात ते नाही. आठ-दहा ठिकाणी विचार. माझ्या अंदाजाने पावणेपाचच्या आसपास. पाया तो.

दुसरं, ८.१ विसरून जा. त्यात वायपर, हॉर्न, काचेचं बटण सगळ्यांचे मार्क मिळवलेले असतात. मी फक्त पिलर आणि अ‍ॅप्रन म्हणजे गाडीचा सांगाडा, इंजिन, क्लच, सस्पेन्शन आणि टायर बघतो. फेंडर बदललेला असला तर काही बिघडत नाही, पुण्यात कोणाचा शाबूत आहे? पण अ‍ॅप्रन किंवा पिलरपुढे 'रिपेअर्ड' दिसलं तर मी ऑफरच देत नाही. तुझ्या रिपोर्टमध्ये काय आहे ते टाक.

शंतनू_वाकड: पिलर, अ‍ॅप्रन ओके. क्लच हार्ड. पुढून खालून आवाज, लिंक रॉड आणि बुश लिहिलंय. चारही टायरची नक्षी २ मिमी उरलीय.

ग्रीसचे_हात: मग असं बघ. पावणेपाचमधून थर्ड ओनरचे ४० हजार, कारण तू विकशील तेव्हा घेणारा चौथा असेल आणि तो तुला कापणारच. राहिले ४.३५. टायरचे १८, सस्पेन्शनचे ८, राहिले ४.०९. क्लचचे पूर्ण पैसे कापू नकोस. सत्तर हजारांवर क्लच थकणारच, आणि ते त्या पावणेपाचमध्ये आधीच धरलेलं आहे. किमी जास्त म्हणूनही कापायचं आणि किमीमुळे झिजलं म्हणूनही कापायचं, हे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे झाले. पाच हजार काप फार तर. ३.९० ला बोलायला बस, ४.०५ ला थांब.

हिशोबी: मग टायरलाही तोच न्याय लावा की! सत्तर हजारांच्या बाकीच्या गाड्यांवर काय नवे टायर असतात? त्यांचेही अर्धे गेलेलेच असणार. तुमच्याच नियमाने १८ नाही, ९ कापायला हवेत.

ग्रीसचे_हात: ठीक आहे, हे बरोबर आहे. ९ धर. ४.१४. पण २ मिमीवर पावसात घाट उतरू नकोस एवढं ऐक.

अनुराधा_के: मला त्या ४० हजारांबद्दल बोलायचंय. मिस्टर गेले, गाडी माझ्या नावावर केली, फॉर्म ३१ भरून, वारसाची कागदपत्रं लावून. घर तेच, पार्किंग तेच, मेकॅनिक तोच. गाडी विकायला गेले तर समोरचा म्हणाला, मॅडम सेकंड ओनर आहे, ४५ हजार कमी होतील. मी त्याला मृत्यूचा दाखला दाखवला तर म्हणाला, सिस्टीममध्ये दोन दिसतंय. मी घरी येऊन रडले. तुम्ही सगळे 'दर ओनरमागे' असं लिहिता ना, त्या आकड्यामागे काय असतं ते कधी विचारता का?

यार्डवाला: ताई, वाईट वाटलं वाचून, पण मी स्वतः गाड्या विकतो. गिऱ्हाईक नंबर टाकून पोर्टलवर बघतं, तिथे २ दिसला की ते पुढचं ऐकतच नाही. मी जास्त देऊन घेतली तर माझ्या अंगावर पडते.

अनुराधा_के: म्हणजे गिऱ्हाइकाला समजावून सांगायची मेहनत तुम्हाला नको, म्हणून पैसे मी सोडायचे? वर तीच गाडी 'एकाच घरातली' म्हणून तुम्हीच विकणार!

यार्डवाला: सगळे डीलर चोर, हेच म्हणायचंय ना? म्हणा. भाडं, कामगार, तीन महिने उभी राहिलेली गाडी, हे तुम्ही भरत नाही.

हिशोबी: चोर कोणी म्हटलं नाही. पण ताईंचा मुद्दा खरा आहे, ओनर किती यापेक्षा कोणी किती दिवस ठेवली ते बघायला हवं.

ग्रीसचे_हात: ताईंची गाडी मी फर्स्ट ओनरच्या भावाने घेईन, रीसेलचे दहा हजार सोडून. वारसाहक्काची बदली आणि चौदा महिन्यांत दोनदा हात बदललेली गाडी, यांचा कागदावरचा आकडा सारखा असला तरी गोष्ट वेगळी. लवकर लवकर बदलली म्हणजे कोणालातरी काहीतरी सापडलंय. हे मी आधीच लिहायला हवं होतं, मान्य.

खेर्डीकर: ओनर-बिनर सोडा हो. मी फर्स्ट ओनर, ३१ हजार किमी, चकाचक रिपोर्टवाली घेतली. पहिल्याच पावसाळ्यात कार्पेटला कुबट वास. सीट काढली तर खालचे कनेक्टर हिरवे पडलेले, सीटबेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ. २०२१ च्या जुलैच्या पुरात आम्ही चिपळूणकरांनी ती रेघ घराघरात पाहिलीय, मला कोणी सांगायला नको. ती गाडी आमच्याच इकडची निघाली. सीटबेल्ट ओढून बघत जा, फुकट असतं.

शंतनू_वाकड: सीटबेल्ट बघतो. पण माझी गाडी राहिली बाजूला! जॉबकार्ड मागवली. शेवटचं सर्व्हिसिंग जानेवारी २०२२, ६६,३०० किमी. त्यानंतर काहीच नाही. दोन्ही बदल्या २०२३ नंतरच्या. रिपोर्टच्या फोटोत टायरवर १४२२ दिसतंय.

ग्रीसचे_हात: थांब. १४२२ म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा, टायर त्या सर्व्हिसिंगनंतर बसलेत. नवा टायर साधारण ८ मिमीचा असतो, तो २ वर यायला पस्तीस-चाळीस हजार किमी लागतात. आणि तुझं मीटर म्हणतंय की तेव्हापासून गाडी ४,७०० किमीच चालली. मला तर मीटर मागे फिरवलेलं दिसतंय, खरे किमी लाखाच्या पुढे असणार. मग पावणेपाचचा पायाच गेला, लाखाच्या पुढच्या गाड्यांचे भाव नव्याने काढावे लागतील. मी तर साडेतीनलाही घेणार नाही, ज्याने मीटर फिरवलं त्याने अजून काय लपवलं कोणास ठाऊक.

यार्डवाला: एवढ्या लगेच निकाल देऊ नका. यार्डात चांगले टायर काढून दुसऱ्या गाडीचे झिजलेले चढवतात, मी पाहिलंय. टायरवरून गाडीचे किमी सिद्ध होत नाहीत.

ग्रीसचे_हात: तेही होऊ शकतं, नाकारत नाही. म्हणून शंतनू, क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर बघ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का बघ, स्टीअरिंगचा वरचा भाग गुळगुळीत झालाय का बघ. सगळं झिजलेलं असेल तर टायर मूळचेच समज. बघून होईपर्यंत टोकन देऊ नकोस.

शंतनू_वाकड: पाच हजार काल रात्रीच दिले.

अनुराधा_के: पावतीवर किमी लिहून घेतलेत का? नसतील तर उद्या आधी ते लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट. मग पेडल बघा.