प्रशिक्षणाहून आल्यावर मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र : तुमचे अनुभव सांगा

शिक्षिका, जि. प. प्राथमिक शाळा, यवतमाळ जिल्हा

तालुक्याचं प्रशिक्षण झालं की पीपीटी व्हॉट्सॲपच्या गटावर येते आणि बहुतेक शाळांत तिथंच राहते. या वेळी मी ठरवून मुख्याध्यापक सरांना पत्र दिलं. प्रशिक्षणात काय होतं आणि आपल्या शाळेत काय बदलता येईल, एवढंच त्यात होतं. तुमच्यापैकी कोणी असं पत्र लिहिलं असेल किंवा कोणाला असं पत्र आलं असेल, तर त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

पीपीटीत सत्तरच्या वर स्लाइड होत्या. निपुण भारत 2021 मध्ये सुरू झालं, 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे सगळं सरांना पाठ आहे. ते मी पत्रात घेतलंच नाही. पोर्टलवरच्या माहितीच्या स्लाइडही सोडल्या. दोनच गोष्टी उचलल्या. मूल वाचनात कुठं आहे ते कसं तपासायचं, आणि तपासल्यावर रोज तासभर इयत्ता बाजूला ठेवून त्याला कुठं बसवायचं.

पत्र लिहिण्याआधी तिसरी ते पाचवीची मुलं तपासून घेतली. एकेका मुलाला व्हरांड्यात घेऊन बसायचं, बाकीच्यांच्या कानावर जाणार नाही असं. आधी चार ओळींचा सोपा परिच्छेद द्यायचा. तीनपेक्षा जास्त चुका न करता, वाक्य म्हणून वाचला तर पुढं गोष्ट. नाही जमला तर शब्द, पाचपैकी चार आले पाहिजेत. शब्द नाही आले तर अक्षरं, तिथंही पाचपैकी चार. वरून खाली येतो आपण, त्यामुळं वाचणाऱ्या मुलाचा वेळ जात नाही.

पत्र हे :

> प्रति, मा. मुख्याध्यापक
>
> विषय : प्रशिक्षणातील मुद्दे व रोजच्या वाचन तासाबाबत प्रस्ताव
>
> महोदय,
>
> प्रशिक्षणाचा गाभा असा, की मूल कोणत्या इयत्तेत आहे यापेक्षा आज ते काय वाचू शकतं यावरून त्याला शिकवावं. तिसरी ते पाचवीच्या 41 मुलांची तपासणी केली. 4 मुलांना अक्षरं येत नाहीत, 9 अक्षरांपर्यंत, 12 शब्दांपर्यंत व 9 परिच्छेदापर्यंत आहेत. 7 मुलं गोष्ट वाचतात. खालच्या 13 मुलांत पाचवीची 3 आहेत. नावांची यादी सोबत जोडली आहे.
>
> परिपाठानंतरचा पहिला तास तिन्ही इयत्तांना वाचनाचा ठेवावा. अक्षरगट माझ्याकडे, पहिली-दुसरीच्या वर्गात. शब्दगट तिसरी-चौथीच्या सरांकडे. परिच्छेद व गोष्ट वाचणारी 16 मुलं आपल्याकडे असावीत. आपल्याला बैठकीस जावं लागल्यास ही मुलं जोडीनं वाचत बसू शकतील, खालच्या गटांना ते जमणार नाही.
>
> पहिल्या तासाचा विषय शेवटच्या तासाला नेता येईल. पहिलाच तास मागण्याचं कारण, वेचणी सुरू झाली की मोठी मुलं दुपारच्या आहारानंतर वावरात जातात.
>
> आपल्याकडून दोन निर्णय हवे आहेत : वेळापत्रकात हा बदल, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी फेरतपासणीसाठी अर्धा दिवस.

सरांनी पत्र वाचून एकच विचारलं, "मी बैठकीले गेलो त माह्या गटाचं काय, हे तुम्ही आधीच लिहून ठेवलं?" आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवं वेळापत्रक लागलं.

दिवाळीआधी पुन्हा पाहिलं तेव्हा शब्दगटातली 5 मुलं परिच्छेदावर गेली होती. माझा अक्षरगट मात्र फारसा हलला नाही. पहिली-दुसरीची 22 आणि ही 13 अशी 35 मुलं एका खोलीत आहेत. पाचवीचा एक मुलगा पहिलीच्या पोरांच्या रांगेत बसायला लागला, तो मान वर करत नाही. त्याचं काय करावं हे मला अजून सुचलेलं नाही.

सहायक शिक्षक, वाशीम जिल्हा

ताई, पत्र चांगलं आहे, पण वेळापत्रक बदलायला गटशिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मुख्याध्यापकांना तो अधिकारच नाही. शिवाय वर्ग एकत्र बसवणं नियमात बसत नाही. तपासणी आली आणि पाचवीचं पोरगं पहिलीच्या खोलीत दिसलं तर उत्तर कोण देणार? आमच्याकडे एका सरांना यावरून खुलासा द्यावा लागला होता.

निवृत्त केंद्रप्रमुख, वर्धा जिल्हा

वाशीमच्या सरांचं अर्धं बरोबर आहे. शाळा भरण्या-सुटण्याची वेळ बदलायची, सकाळची शाळा करायची, तर वरून आदेश लागतो. भरलेल्या शाळेत कोणता तास आधी आणि कोणता नंतर हे मुख्याध्यापक ठरवतात. आरटीईत पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन धरलं आहे. ते तास कमी होत नसतील, तर एक तास हलवल्यानं काही बिघडत नाही. हजेरी ज्या त्या इयत्तेच्या पटावरच घ्यायची. तुमच्या त्या सरांना खुलासा द्यावा लागला, तो बहुधा लेखी काहीच नव्हतं म्हणून.

ताई, तुमच्या पत्राला आवक क्रमांक पडला का ते पाहा. नसेल तर आजच नोंदवहीत चढवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत विषय ठेवून इतिवृत्तात आणा. उद्या तुमची किंवा सरांची बदली झाली, तर नव्या माणसाला हा तास का सुरू झाला ते कागदावरून कळेल. माझ्या केंद्रात एक चांगला चाललेला वाचनतास बदल्यांच्या वर्षी असाच मोडला. कोणाचा विरोध नव्हता, कोणाला माहीतच नव्हतं.

आता तुमच्या अक्षरगटाबद्दल. पहिलीचं मूल आणि अक्षर न येणारं पाचवीचं मूल कागदावर एका पायरीवर दिसतात, पण दोघांना शिकवायची रीत वेगळी. पाचवीच्या मुलाला हजारो शब्द बोलता येतात, पऱ्हाटी, डवरणी, सातबारा त्याच्या रोजच्या कानावर आहेत. त्याला तक्त्यावरचं एकेक अक्षर देण्यापेक्षा त्याच्याच तोंडचं एक वाक्य फळ्यावर लिहा, त्यावर बोट ठेवून वाचून घ्या, मग त्यातली अक्षरं सोडवा आणि सोबत बाराखडी चालू द्या. खोली एक असली तरी या 13 जणांची सतरंजी वेगळी हवी, दाराच्या बाजूला. पहिली-दुसरीला तेवढा वेळ चित्रं, मणी, पाटी द्या आणि तुम्ही मोठ्यांकडे बसा. पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. गावात बारावी झालेली एखादी मुलगी तेवढा तास लहान मुलांपाशी थांबायला तयार असेल, तर तेही समितीच्या ठरावानंच करा.

तपासताना एक खूण ध्यानात ठेवा. मूल "क… म… ळ" म्हणून थांबतं आणि मग अंदाजानं "कमळ" म्हणतं, ते शब्दावर आलेलं नाही. परिच्छेद सुटे सुटे शब्द म्हणून वाचणारं मूलही शब्दगटातच ठेवा. आणि फेरतपासणीला तोच कागद नको. पोरं एकमेकांकडून ऐकून परिच्छेद पाठ करतात.

शिक्षक, बुलडाणा जिल्हा

मीही मुख्याध्यापकांना पत्र दिलं होतं. आमचं प्रशिक्षण उन्हाळी सुट्टीत झालं, म्हणून तेवढ्या दिवसांची अर्जित रजा सेवापुस्तकात नोंदवावी असा विषय होता. हजेरी प्रमाणपत्राची प्रत जोडली होती, तरी नोंद व्हायला फार दिवस गेले. तुम्हीही प्रशिक्षणाचा आदेश आणि प्रमाणपत्र पत्राला जोडा.

शिक्षक, मेळघाट, अमरावती जिल्हा

आमच्या शाळेत घरची भाषा कोरकू. मी पत्रात हीच तपासणी लिहिली होती, पण एक भर घालून, कारण पीपीटीतली रीत आमच्याकडे अपुरी पडत होती.

चौथीच्या एका मुलीनं परिच्छेद एकही चूक न करता वाचला. त्यात आई बाजाराला गेली आणि वांगी आणली, असं काहीतरी होतं. मी विचारलं, कोण गेलं? ती गप्प. काय आणलं? गप्प. तक्त्यावर ती परिच्छेदगटात बसली असती. तिला अक्षरं जुळवता येत होती, मराठी कळत नव्हती. उलट दुसरीतून आलेला एक मुलगा वाचताना अडखळायचा, पण जेवढं वाचलं तेवढं कोरकूत नीट सांगायचा.

म्हणून मी प्रस्ताव दिला, की परिच्छेद वाचून झाला की दोन साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तर कोरकूत चालेल. वरच्या रकान्यात वाचन, शेजारी समज. मुख्याध्यापकांचं म्हणणं, वरती पाठवायच्या तक्त्यात समजेचा रकानाच नाही, मग ती माहिती ठेवायची कुठं? शेवटी आम्ही ती शाळेच्याच वहीत ठेवतो. मला कोरकू कामापुरती येते म्हणून हे जमतं. नवीन शिक्षक आला आणि त्याला कोरकू येत नसेल, तर त्या रकान्यात तो काय भरणार, हा प्रश्न मी सोडवू शकलेलो नाही.

मुख्याध्यापिका, गडचिरोली जिल्हा

मी पत्र घेणाऱ्या बाजूची आहे. एका शिक्षकांनी प्रशिक्षणाहून आल्यावर मला चार पानी पत्र दिलं. जवळजवळ सगळ्या स्लाइड त्यात उतरल्या होत्या आणि शेवटी मागण्या होत्या : स्मार्ट टीव्ही, वाचनकोपरा, नवीन बाकं, पालक मेळावा आणि असं बरंच. मनापासून लिहिलं होतं त्यांनी. पण मी सही करून देऊ शकेन असं त्यात काय आहे, हे शोधताना माझी संध्याकाळ गेली. टीव्हीला निधी लागतो, तो माझ्या हातात नाही. वाचनकोपऱ्याला मात्र खर्च नव्हता. ग्रंथालयाची पुस्तकं कपाटात कुलूपबंद होती, ती दोरीवर लावायची होती, एवढंच. मी त्यांना बोलावून म्हटलं, हे उद्याच करू, बाकीचं वेगळ्या कागदावर लिहून द्या, मी समितीपुढं ठेवते. दोरी लागली. पुस्तकं फाटतात, हरवतात, ग्रंथालयाच्या नोंदीला त्रास होतो, पण मुलं ती उघडतात.

यवतमाळच्या ताईंच्या पत्रात मला आवडलं ते हे, की मुख्याध्यापकांकडून नेमके कोणते निर्णय हवेत ते शेवटी लिहिलं आहे आणि गैरहजेरीचा विचार आधीच केला आहे. आमच्याकडे कापूस नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडू लागली की मुलं पहाटेच रानात जातात. तेव्हा शाळा सकाळची असते, म्हणजे पहिला तास आमच्यासाठी सगळ्यात रिकामा. आम्ही त्या दिवसांत वाचनाचा तास शेवटी नेतो. फुलं वेचून आलेली मुलं उशिरा का होईना, खिचडीपर्यंत पोचतात.

शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

केंद्रप्रमुख साहेब, आवक क्रमांक नव्हता, आज टाकून घेतला. सतरंजी दाराजवळ नेली. त्या मुलाला विचारलं, तुझं एक वाक्य सांग. बराच वेळ थांबून तो म्हणाला, "आमची बकरी याली." ते फळ्यावर लिहिलं, त्यानं बोट ठेवून वाचलं. 'बकरी'तला 'ब' त्यानं नंतर बाराखडीच्या तक्त्यावर शोधून दाखवला, 'या'शी अडला.

मेळघाटच्या सरांचे दोन प्रश्न आम्ही शब्दगटातून वर गेलेल्या 5 मुलांना विचारून पाहणार आहोत. आमच्याकडच्या कोलामी बोलणाऱ्या दोन मुलांबाबत आता मलाच शंका आली आहे. आम्हा तिघांपैकी कोणालाही कोलामी येत नाही. कोणी कोलाम पोडावरच्या शाळेत काम केलं असेल, तर समज कशी तपासता ते लिहा.