घरात महिनाभर रेंज नाही आणि तक्रारी परस्पर बंद होतात. कंपनीच्या अपेलेट अथॉरिटीला काय लिहू?

ओवी_डोंबिवली

मदत हवी आहे. आम्ही डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. महिनाभरापासून घरात माझ्या मोबाईलला रेंजच नाही. फोन लागला तरी बोलणं तुटतं, बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर येतो. सासूबाईंचं डायलिसिस सुरू आहे. सेंटरवरून वेळ बदलल्याचा फोन येतो तो मला लागत नाही आणि आम्ही तिथे जाऊन ताटकळत बसतो.

कस्टमर केअरला वारंवार फोन केला. फोन बंद करून चालू करा, सिम काढून परत घाला, हेच सांगतात. दोन-तीन दिवसांत "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे" असा मेसेज येतो. घरी एकदाही कोणी आलेलं नाही.

एक गोष्ट लक्षात आली आहे. शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी झाली. तिच्या गच्चीवर टॉवरचे खांब होते, ते आता दिसत नाहीत. कस्टमर केअर मात्र "तुमच्या भागात बिघाड नाही" एवढंच म्हणतं.

मला आता वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करायचं आहे. त्यात काय लिहायचं, काय जोडायचं? आणि माझा नंबर नाशिकचा आहे, कॉलेजात असताना घेतलेला. मग अपील मुंबई सर्कलला करायचं की महाराष्ट्र सर्कलला?

राजू_कल्याण

ताई, कंपनीच्या नादी लागूच नका. सरळ ट्रायला तक्रार ठोका, दंड बसला की सुतासारखे सरळ होतील.

तारखाते_निवृत्त

राजूभाऊ, ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिकडे पाठवलेला अर्ज फिरून त्याच कंपनीकडे येतो. पण त्यांचं एक पान उपयोगाचं आहे: tccms.trai.gov.in. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक सर्कलच्या अपेलेट अथॉरिटीचा ईमेल आणि फोन तिथे मिळतो. कस्टमर केअर हा पत्ता सहसा आपणहून सांगत नाही.

ओवीताई, मी याच खात्यात नोकरी केली आहे म्हणून आधी दोन गोष्टी विचारतो, कारण अपील त्यांच्यावरच उभं राहतं.

पहिली गोष्ट, तुमच्याकडे डॉकेट नंबर आहे का? २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळतो आणि त्याच नंबरवर अपील करता येतं. अॅपवर किंवा ट्विटरवर जो नंबर देतात तो कित्येकदा 'सर्व्हिस रिक्वेस्ट'चा असतो. ती तक्रार धरली जात नाही, आणि "तुमची तक्रारच नोंदलेली नाही" म्हणत अपील परत येतं.

दुसरी गोष्ट, रेंज घरातच नाही की खाली रस्त्यावरही नाही? यावर सगळं ठरतं. दर्जाचे जे निकष आहेत, म्हणजे कॉल तुटण्याचं प्रमाण वगैरे, ते भागाच्या किंवा टॉवरच्या हिशेबाने मोजतात, तुमच्या बेडरूमच्या हिशेबाने नाही. रस्त्यावर रेंज चांगली आणि आतच नाही असं असेल तर कंपनी भिंतींकडे बोट दाखवून मोकळी होते. रस्त्यावरच कमी असेल तर तिला ते जमत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', मग 'सिम स्टेटस' उघडा. तिथे सिग्नल स्ट्रेंथ उणे आकड्यात दिसेल. फोरजीवर उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या पलीकडे गेलं की बोलणं तुटायला लागतं, उणे १२० ला फोन जवळपास मेलेला असतो. वायफाय बंद ठेवून रस्ता, जिना, बाल्कनी, हॉल, बेडरूम असं मोजा. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा मोजा आणि स्क्रीनशॉट काढा. वर दिसणाऱ्या दांड्या धरू नका, दांडी कधी वाढवायची ते प्रत्येक फोन आपल्या मर्जीने ठरवतो.

मीनल_ठाणे

आमच्याकडेही हाच त्रास! फायबरची लाईन उंदरांनी कुरतडली होती, पंधरा दिवस नेट बंद. भांडून तेवढ्या दिवसांचं भाडं परत घेतलं. तुम्हीही राउटर बदलून मागा.

ओवी_डोंबिवली

मीनलताई, वायफाय व्यवस्थित चालतंय, अडचण मोबाईलच्या नेटवर्कची आहे. पण पैसे परत मागायचं सुचलं नव्हतं, तेही लिहीन.

काका, मोजलं. नाक्यावर उणे ९२. इमारतीच्या फाटकाशी उणे १०७. बाल्कनीत उणे १०९, हॉलमध्ये उणे ११६, बेडरूममध्ये उणे १२१. रात्री यात दोन-तीनचा फरक पडतो. खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंचंही सिम याच कंपनीचं आहे, त्यांच्याकडे हॉलमध्ये उणे ११८ आलं. आमच्या ह्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं, ते त्याच हॉलमध्ये उणे ९४ दाखवतं.

मेसेज चाळले. दोन नंबर सर्व्हिस रिक्वेस्टचे निघाले, एक मात्र खरा डॉकेट आहे. तो गेल्या आठवड्यात बंद केलाय.

तारखाते_निवृत्त

उत्तम. आता आकडे नीट बघा. फाटकाशी १०७ आणि बाल्कनीत १०९, म्हणजे भिंत लागायच्या आधीच सिग्नल गेलेला आहे. हॉलमध्ये सात आणि बेडरूममध्ये बारा डीबीचा तोटा होतो तो भिंतींचा, आणि तेवढा कोणत्याही जुन्या इमारतीत होतोच. टॉवर शेजारी असताना फाटकाशी उणे ८० च्या घरात मिळत असणार, त्यातून बारा गेले तरी बेडरूममध्ये फोन खणखणीत चालायचा. भिंती त्याच आहेत, टॉवर गेला. ह्यांच्या सिमचा आकडाही हेच सांगतो. तो अपिलात नक्की लिहा, फोन किंवा भिंत खराब असल्याचा मुद्दाच राहत नाही.

tarangsanchar.gov.in वर आपलं ठिकाण टाकलं की जवळच्या टॉवरची यादी दिसते. शेजारच्या इमारतीवरचा टॉवर तिथे कोणाच्या नावावर आहे ते बघा. यादी लगेच अद्ययावत होतेच असं नाही, त्यामुळे तो अजून दिसला तरी चालेल. उलट तिथे कोणाचा टॉवर होता याचा तो कागद होईल.

मुदतीकडे लक्ष द्या. तक्रार बंद झाल्यापासून तीस दिवसांत अपील करायचं असतं. फी नाही, वकील नको. ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. अपील क्रमांक मागून घ्या.

मजकूर एका पानाचा करा, साधारण असा:

"डॉकेट क्र. … ही तक्रार दि. … रोजी निराकरण झाले म्हणून बंद करण्यात आली. प्रत्यक्षात जागेवर कोणीही तपासणी केली नाही आणि स्थिती तशीच आहे. इमारतीबाहेर उणे १०७, घरात उणे ११६ ते उणे १२१ डीबीएम सिग्नल मिळतो (स्क्रीनशॉट सोबत). त्याच खोलीत दुसऱ्या कंपनीचा सिग्नल उणे ९४ आहे. शेजारील इमारत पाडण्यासाठी रिकामी झाल्यावर हा त्रास सुरू झाला. विनंती: १) जागेवर अभियंत्याकडून मोजणी करून तिचा अहवाल द्यावा. २) तेथील टॉवर बंद झाला आहे का आणि पर्यायी व्यवस्था कधी होणार, ते लेखी कळवावे. ३) तोपर्यंत लगतच्या टॉवरच्या अँटेनाची दिशा व कल बदलता येईल का, ते तपासावे. ४) या काळातील रिचार्जची प्रमाणशीर रक्कम परत मिळावी."

त्यातली दुसरी मागणी सोडू नका. बंद टॉवरचं लेखी उत्तर आलं की पुढे कुठेही गेलात तरी तोच कागद कामाला येतो. डायलिसिसचं एका वाक्यात लिहा, जास्त नको.

बूस्टरवाला_सचिन

एवढा खटाटोप कशाला, सिग्नल बूस्टर बसवा. आमच्या दुकानात लावलाय, फुल रेंज.

तारखाते_निवृत्त

सचिन, तो काढून टाक. परवान्याशिवाय लावलेला बूस्टर बेकायदा आहे, खात्याची माणसं येऊन जप्त करतात. शिवाय तो टॉवरकडे सतत गोंगाट फेकतो, म्हणजे तुझी रेंज फुल आणि गल्लीतल्या बाकीच्यांचे कॉल तुटलेले. ओवीताई, तात्पुरतं म्हणून फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. डायलिसिस सेंटरचे फोन तरी लागतील, ओटीपीही बहुतेक वेळा त्यावरून येतात. मात्र वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद, म्हणून अपिलात हे निराकरण मान्य नाही असं लिहा.

ओवी_डोंबिवली

केलं चालू, आज सेंटरचा फोन लागला! आता सर्कलचं सांगा.

अॅड_पल्लवी

डोंबिवली मुंबई सर्कलमध्ये येते, कल्याणपर्यंतचा भाग त्यातच आहे. अडचण मुंबईच्या टॉवरची, म्हणून अपील मुंबईला करा.

तारखाते_निवृत्त

मला तसं वाटत नाही. नंबर नाशिकचा म्हणजे त्या महाराष्ट्र आणि गोवा सर्कलच्या ग्राहक आहेत, डोंबिवलीत त्या तांत्रिकदृष्ट्या रोमिंगवरच आहेत. डॉकेटही तिथेच नोंदलेला असणार. मुंबईची अथॉरिटी "तुम्ही आमच्या ग्राहक नाही" म्हणेल.

अॅड_पल्लवी

आणि महाराष्ट्राची म्हणेल "टॉवर आमचा नाही". माझ्या एका अशिलाचं अपील अशाच टोलवाटोलवीत अडकलं होतं.

तारखाते_निवृत्त

मग डॉकेट जिथला तिथे मूळ अपील आणि मुंबईला प्रत, दोन्ही पत्ते एकाच ईमेलमध्ये. शिंदेकाकूंचा नंबर डोंबिवलीतच घेतलेला असेल तर त्यांनाही स्वतंत्र तक्रार नोंदवायला सांगा. त्यांच्या बाबतीत सर्कलचा वादच येणार नाही.

ओवी_डोंबिवली

अपडेट: अपील पाठवल्यावर पहिल्यांदाच माणूस घरी आला. लॅपटॉप घेऊन गच्ची, जिना, हॉल सगळीकडे मोजलं, आकडे आमच्या जवळपासच आले. काल लेखी उत्तर मिळालं. शेजारचा टॉवर "जागामालकाच्या पुनर्विकासामुळे" बंद केल्याचं मान्य केलंय. नाक्यापलीकडच्या टॉवरचा अँटेना फिरवलाय, त्याने बाल्कनीत उणे १०१ आणि हॉलमध्ये उणे १०८ झालं. बोलणं आता क्वचित तुटतं, बेडरूम मात्र तशीच. नव्या टॉवरसाठी "जागेची परवानगी प्रलंबित", तारीख दिलेली नाही. पैसे परत करण्याबद्दल एक अक्षर नाही, आणि अपील निकाली काढलंय. शिंदेकाकूंच्या तक्रारीचं अजून काही नाही.

राजू_कल्याण

मग आता पोर्ट करा! १९०० ला मेसेज टाका, विषय संपला.

ओवी_डोंबिवली

बहुतेक करीनच, ह्यांची कंपनी इथे चांगली चालते. पण शिंदेकाकूंसारखे आणखी लोक आहेत, त्यांचं काय? आणि रिचार्जचे पैसे सोडायचे का?

अॅड_पल्लवी

सोडू नका. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. तुमच्याकडे टॉवर बंद असल्याची कंपनीचीच लेखी कबुली आहे. आधी १९१५ वर नोंद करा, कधीकधी तेवढ्यावर पैसे मिळतात. पोर्ट करण्यापूर्वी रिचार्जच्या पावत्या अॅपमधून उतरवून घ्या, नंतर ते अॅप तुमच्या नंबरने उघडणार नाही.

तारखाते_निवृत्त

आणि नवा टॉवर आपल्या सोसायटीच्या गच्चीवर घ्यायला कमिटी तयार आहे का तेही विचारून बघा. कंपनी ज्या परवानगीची वाट बघते आहे ती कदाचित तुमच्याच इमारतीतून यायची असेल.

ओवी_डोंबिवली

कमिटीत दोन तट आहेत काका. रेडिएशनच्या भीतीने निम्मे लोक विरोधात आहेत. रविवारी मीटिंग आहे. तुमचे मोजणीचे आकडे तिथे मांडते आणि पावत्या आज रात्रीच उतरवते.