अनुभव धागा: ज्युरीत प्रकल्पावर टीका होते, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिले?

आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षातील विद्यार्थिनी:
सादरीकरण कसे करावे, याबद्दल बरेच सांगितले जाते. मात्र आपले बोलून झाल्यावर ज्युरर उठून शीटजवळ येतात, एखाद्या रेषेवर बोट ठेवतात आणि "हे असे का?" असे विचारतात, त्या क्षणाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. हा धागा त्या क्षणाविषयी आहे. टीका नेमकी काय होती, ती कोणत्या ड्रॉइंगवर होती आणि तुम्ही काय उत्तर दिले, हे शक्य तितके तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करते.

माझा प्रकल्प तीन मजली शाळेचा होता. मध्ये चौक, त्याच्या दोन्ही बाजूंना चौकाकडे उघडणारी मार्गिका आणि त्यामागे वर्ग, अशी रचना होती. प्लॅन पाहून एका ज्युररनी विचारले, "हा चौक काढून टाकला तर तुझ्या इमारतीचे काय बिघडेल?" चौकात मुले खेळतील, एकत्र जमतील, हे मी आधीच सांगितले होते आणि तेच पुन्हा सांगण्याचा मोह झाला. पण प्रश्न इमारतीविषयी होता, म्हणून मी प्लॅन सोडून सेक्शनकडे गेले. वर्ग 7 मीटर खोल होते आणि बाहेरच्या खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून 2.1 मीटरवर होता. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड साधारणपणे या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच पोचतो, असे आम्हाला शिकवले आहे; म्हणजे तो जेमतेम 5 मीटर आत येणार आणि मागच्या दोन रांगा अंधारात राहणार. त्या रांगांना उजेड मिळावा म्हणून मार्गिकेच्या बाजूलाही वर झरोके दिले होते, आणि चौक नसेल तर ते झरोके निरुपयोगी ठरतात, हे मी सेक्शनवर बोट ठेवून सांगितले.

त्यावर त्यांनी लगेच दुसरा प्रश्न केला, आणि तो अधिक धारदार होता: "चौक 5 मीटर रुंद आहे आणि इमारत जवळजवळ 11 मीटर उंच. मग तळमजल्यावरच्या मार्गिकेतून आकाश किती दिसते?" हे मी मोजले नव्हते. शीटवर तिथेच तिरकी रेषा धरून पाहिली, तेव्हा तळमजल्यासाठी त्यांचे म्हणणे बरोबर असल्याचे दिसले. म्हणून मी म्हणाले, "वरच्या दोन मजल्यांना चौकाचा उपयोग होतो, तळमजल्याला होत नाही. तिथे वर्गांऐवजी भांडारगृह आणि कार्यालय आणावे लागेल, नाहीतर चौक रुंद करावा लागेल." चौक रुंद केला तर जागेच्या हद्दीपासून सोडायचे अंतर कमी पडत होते, तेही सांगितले. यापैकी कोणता मार्ग योग्य, हे त्या दिवशी ठरले नाही.

तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी:
माझा अनुभव सोपा आहे. ज्युरर काहीही म्हणाले तरी मी "हो सर, लक्षात घेतो" एवढेच म्हणतो आणि वहीत लिहून घेतो. वाद घातला की गुण जातात, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे. एकाने जिन्याच्या जागेवरून इतका वेळ वाद घातला की त्याचे मॉडेल बघायचेच राहून गेले. शांत राहायचे असेल तर मान्य करणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, असे मला वाटते.

स्टुडिओ शिकवणारे प्राध्यापक:
लिहून घेण्याची सवय उत्तम आहे, आणि वाद घालू नये हेही खरे आहे. परंतु सगळ्याला होकार देणे हा शांतपणा नव्हे. "हा चौक कशासाठी?" असे मी विचारतो, तेव्हा अनेकदा मला चौक आवडलेला असतो, तो विचार करून ठेवला आहे की सवयीने आला आहे, एवढेच मला जाणून घ्यायचे असते. विद्यार्थी लगेच "काढून टाकतो सर" म्हणाला, तर त्यामागे विचार नव्हता असे मला समजावे लागते, मग तो प्रत्यक्षात असला तरी.

टीका दोन प्रकारची असते, आणि उत्तर देण्यापूर्वी ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे. काही टीका पट्टीने मोजता येते: जिन्याच्या लँडिंगखाली डोक्याला जागा पुरत नाही, सेक्शनमधला खांब प्लॅनमध्ये दिसत नाही. तिथे मताला वाव नसतो. मोजावे आणि चूक असेल तर एका वाक्यात मान्य करावे. दुसरी टीका निर्णयावर असते. तिथे तुम्ही काय मिळवण्यासाठी काय सोडले, ते सांगावे लागते.

मला आजवर सर्वांत समाधानकारक वाटलेले उत्तर पहिल्या प्रकारच्या टीकेला होते. वाचनालयाचा प्रकल्प होता. जोते 900 मिलिमीटर उंच, आणि दर्शनी बाजूला काढलेला रॅम्प 4 मीटर लांब. मी विचारले, "या रॅम्पवरून चाकाची खुर्ची स्वतः ढकलत कोणी वर येऊ शकेल का?" ती विद्यार्थिनी क्षणभर थांबली आणि तिने मोठ्याने हिशेब केला: एकास बारा उतार धरला तर 900 मिलिमीटरसाठी 10.8 मीटर लांबी लागते, शिवाय मध्ये थांबण्यासाठी सपाट जागा हवी. समोर मोकळी जागा 6 मीटरच आहे, म्हणजे सरळ रॅम्प बसतच नाही. मग तिने साइट प्लॅनवर बटर पेपर ठेवला. जमीन पूर्वेकडे चढत होती आणि त्या बाजूला जोत्याशी फरक 450 मिलिमीटरच उरत होता. "प्रवेश पूर्वेला नेला तर 5.4 मीटरचा रॅम्प पुरतो," ती म्हणाली, आणि पुढचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले: "पण मग दारातून थेट अंगणातले झाड दिसावे, ही माझी मुख्य कल्पना मोडते. त्यापेक्षा पश्चिमेकडेच दोन वळणांचा रॅम्प करून पायऱ्या त्याच्या पोटात घ्याव्यात का, हे मला तपासावे लागेल." तिने चूक मान्य केली, पर्याय दिला आणि त्या पर्यायाची किंमतही स्वतःच सांगितली. त्यानंतर टेबलाभोवतीची चर्चा तिच्या प्रकल्पावर काम करण्याची झाली. तो रॅम्प शेवटी कसा बसला, हे मात्र मला पाहायला मिळाले नाही.

पॅरिसच्या एकोल दे बोझार या जुन्या कला आणि वास्तुकला विद्यालयात ज्युरी बंद दाराआड बसत असे आणि विद्यार्थी आत नसे. त्याच्या वतीने फक्त ड्रॉइंग बोलत. आज आपल्याला समोर उभे राहून बोलता येते, म्हणून ड्रॉइंगने बोलायचे तेही आपणच बोलू लागतो. उत्तर देताना हात शीटवर असेल, तर आवाज आपोआप खाली येतो, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

नोकरी करणारा वास्तुविशारद:
व्यवसायात हे रोजचेच आहे. ग्राहक म्हणतो की स्वयंपाकघर लहान वाटते. आपण दोन पर्याय काढून नेतो आणि त्याने निवडलेला बांधतो. तेव्हा ज्युरीतही ज्युररना ग्राहक समजावे आणि त्यांना आवडेल ते द्यावे, असे मी सुचवेन.

पाचव्या वर्षातील विद्यार्थिनी:
तुमचा अनुभव समजला, पण इथे थोडा फरक आहे असे मला वाटते. ग्राहकाला त्या घरात राहायचे असते, म्हणून त्याची आवड हा निर्णयाचा आधार होऊ शकतो. ज्युरर आमच्या शाळेत शिकायला येणार नाहीत. त्यांना वर्गातल्या मुलाच्या बाजूने उत्तर हवे असते.

चौथ्या वर्षातील विद्यार्थी:
वरील सगळे टीका ड्रॉइंगवर असते तेव्हा ठीक आहे. माझ्या ज्युरीत एका ज्युररनी शीटकडे नीट न बघता "तुला या क्षेत्रात यायला कोणी सांगितले?" असे सर्वांसमोर विचारले. हे मोजता येत नाही आणि तो निर्णयावरचा प्रश्नही नाही. मी काही वेळ गप्प राहिलो आणि मग म्हणालो, "प्रकल्पातला कोणता भाग आपल्याला पटला नाही, ते दाखवाल का?" त्यांनी एलिव्हेशनकडे हात केला आणि खिडक्यांच्या मापांना काही क्रम नाही, असे सांगितले. ती टीका खरी होती. आत खोल्यांच्या गरजेप्रमाणे खिडक्या ठरल्या होत्या, पण बाहेरून त्या विखुरलेल्या दिसत होत्या. त्यावर आम्ही नीट बोललो. तरीही पहिले वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही, आणि अशा वेळी मार्गदर्शक शिक्षकांनी मध्ये बोलायला हवे होते, असे मला आजही वाटते. प्राध्यापक महाशयांचे यावर काय मत आहे?

स्टुडिओ शिकवणारे प्राध्यापक:
त्यांनी बोलायलाच हवे होते. विद्यार्थ्याच्या कामावर कितीही कठोर बोलावे, त्याच्या पात्रतेवर नाही. तुमचा प्रतिप्रश्न योग्य होता, कारण त्याने बोलणे पुन्हा ड्रॉइंगवर आणले. परंतु ती जबाबदारी विद्यार्थ्यावर पडू नये.

दुसऱ्या वर्षातील विद्यार्थिनी:
मला एक व्यवहारातली गोष्ट सांगायची आहे. उभे राहून उत्तर देताना मला अर्धे प्रश्न ऐकूच येत नाहीत. पहिल्या टीकेचा विचार सुरू असतो तोवर तिसरी येते. म्हणून आम्ही मैत्रिणी एकमेकींच्या ज्युरीत बसून लिहून घेतो. ज्युररचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि शेजारी कोणत्या ड्रॉइंगवर बोलणे चालले होते ते टिपायचे. संध्याकाळी वाचताना कळते की मला "सगळेच चुकले" असे ऐकू आले होते, तेव्हा प्रत्यक्षात सेवा-विभागाचा प्रवेश मुख्य दाराच्या फार जवळ आहे, एवढेच म्हटले होते.

यातून एक अडचण पुढे आली आणि तिचे उत्तर मला मिळालेले नाही. एका मॅडमनी माझ्या पाळणाघराची खेळायची जागा रस्त्याच्या बाजूला आणायला सांगितली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे लक्ष राहील. दुसऱ्या सरांनी त्याच ज्युरीत ती आवाज आणि धुरापासून दूर, आत ठेवायला सांगितले. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

स्टुडिओ शिकवणारे प्राध्यापक:
दोघांचे सूचनावाक्य बाजूला ठेवून फक्त कारणे लिहा: एकाला देखरेख हवी आहे, दुसऱ्याला आवाज आणि धूर नको आहे. मग देखरेख रस्त्यावरून होण्याऐवजी कार्यालयाच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून होऊ शकते का, हे प्लॅनवर दृष्टीरेषा काढून पाहा.

दुसऱ्या वर्षातील विद्यार्थिनी:
काढून पाहिली. कार्यालयातून दोन तृतीयांश जागा दिसते, पण घसरगुंडीचा कोपरा जिन्याच्या भिंतीआड जातो. जिना हलवला तर वरच्या मजल्यावरची झोपायची खोली लहान होते. पुढच्या ज्युरीत दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी लावणार आहे.