ट्रेकनंतरचा तो पहिला मेसेज : तुमचे अनुभव सांगा

रानजाई

पावसाळी ट्रेक सुरू झालेत, म्हणून हा धागा. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये एक व्यक्ती मनात भरते. पण वाट एकेरी, ती व्यक्ती पुढच्या तुकडीत आणि आपण मागच्या. परतताना सगळी बस झोपलेली. बोलणं होतं ते दोन वाक्यांचं. मग चार दिवसांनी त्या दोन वाक्यांवर आपण काय लिहितो, थोडं लाडात येऊन कसं लिहितो, आणि समोरून काय येतं, हे मला तुमच्याकडून हवं आहे. जमलं तर मेसेज जसाच्या तसा द्या.

माझा आधी सांगते. अंधारबन, जुलै महिना. पिंपरीहून चालायला सुरुवात केली. जंगलात धुकं इतकं की पुढच्या माणसाची फक्त सॅक दिसत होती. एका ओढ्याला पाणी जास्त होतं, तिथे लीडने दोर बांधला आणि सगळ्यांनी हाताची साखळी केली. माझ्या पुढचा हात त्याचा होता. पलीकडे पोचल्यावर तो म्हणाला, "सोडलात तरी चालेल आता." एवढंच. पुढे हिर्डीच्या देवळात जेवायला बसलो. त्याने घरच्या लोणच्याची बाटली सगळ्यांत फिरवली, ती माझ्यापर्यंत आली तेव्हा तळाला नुसतं तेल. भिऱ्याला उतरलो तोवर अंधार पडला होता आणि तो दुसऱ्या बसमध्ये बसला.

सोमवारी ग्रुपवर फोटोंचा पूर आला. त्या गर्दीत लिहिण्यात अर्थ नव्हता. बुधवारी रात्री, जेवणं झाल्यावर लिहिलं:

"मी निळ्या पाँचोवाली, ओढ्यात तुमच्या मागे होते. हिर्डीच्या देवळात सगळ्यांना लोणचं मिळालं, माझ्या वाट्याला बाटली आली. एक फोड येणं आहे. वसुली कधी आणि कुठे करायची?"

पंधरा-वीस मिनिटांनी उत्तर आलं: "हात सोडायची घाई केली म्हणून व्याजासकट देतो. अख्खी बरणी. फक्त चहा तुमच्याकडून."

हे का जमलं, त्याचा मी बराच विचार केला आहे. मी कोण ते पहिल्याच वाक्यात होतं. माझ्या डीपीवर सोनकीचं फूल, त्यावरून कोण ओळखणार! लोणच्याची गोष्ट त्या दिवशी तिथे असलेल्यालाच कळेल अशी होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला सुटायला जागा होती. "हाहा, आईला सांगतो तुमची तक्रार" एवढं लिहून तो विषय संपवू शकला असता, आणि दोघांपैकी कुणाचाच अपमान झाला नसता. "आपण भेटू या का?" असं थेट विचारलं असतं तर हो किंवा नाही, दोनच दारं उरली असती.

पाठीमागचा लीड

चांगला धागा. मी बरीच वर्षं ग्रुप घेऊन जातो, बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी चालतो, त्यामुळे हे सगळं मागून दिसतं. एक बाजू मांडतो.

ट्रेकचा ग्रुप बनतो तो बस कुठून सुटणार, कोण कुठे चढणार, यासाठी. त्यात नंबर दिसतात, पण ते कुणी तुम्हाला दिलेले नसतात. ट्रेक संपल्यावर एखादी मुलगी गुपचूप ग्रुप सोडते, आणि नंतर कळतं की दोन दिवसांत तिला अनोळखी तीन नंबरांवरून "हाय, नाइस पिक्स" आलं होतं. बरं, तोच मजकूर तिच्या मैत्रिणीलाही गेलेला असतो. मुली पुढच्या ट्रेकला बसमध्ये एकमेकींना स्क्रीनशॉट दाखवतात, हे मुलांनी लक्षात ठेवावं.

मी सांगतो ती वाट अशी. आधी ग्रुपवरच, सगळ्यांसमोर, त्या व्यक्तीने टाकलेल्या एखाद्या फोटोला काहीतरी नेमकं उत्तर द्या. तिकडून दोन-तीन वेळा गप्पा पुढे सरकल्या तर तिथेच विचारा, "तो कड्यावरचा व्हिडिओ मोठा आहे, तुला वेगळा पाठवू का?" हो आलं की नंबर वापरायची परवानगी मिळाली. उत्तर नुसता अंगठा असेल तर थांबा.

रानजाई

लीडदादा, पटतं. पण माझ्यासारखी ग्रुपवर एक शब्द न बोलणारी माणसं काय करणार? सगळ्यांसमोर लिहिणं मला जमलंच नसतं. आणि मी मुलगी असल्यामुळे त्याला धास्ती वाटली नसेल, हेही खरं असू शकतं.

पाठीमागचा लीड

असू शकतं. मला आजवर एकाही मुलाने येऊन तक्रार केलेली नाही. म्हणजे त्यांना त्रास होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही.

कोथरूडकर

सोपं आहे हो. तीन दिवस थांबायचं आणि फोटो पाठवायचा. फोटोशिवाय मेसेज करूच नये. फोटो असला की कारण मिळतं, समोरचा थँक्यू म्हणतोच, आणि बोलणं सुरू होतं. माझं लग्न असंच जमलं. तिकोन्याच्या दरवाजातला तिचा फोटो पाठवला होता.

मुग्धा_क

कोथरूडकर, तुमचं जमलं याचा आनंद आहे, पण यावर माझा अनुभव उलटा आहे. एका वर्षासहलीनंतर मला एकाने माझे सात-आठ फोटो पाठवले. सगळे माझे एकटीचे. काही लांबून, झूम करून काढलेले. एकात मी बूट काढून पायाला मलम लावत होते. तो दिवसभर माझ्याकडे बघत होता आणि मला पत्ताच नव्हता, हे त्या फोटोंमधून कळलं. खाली लिहिलं होतं, "तुझे कॅन्डिड मस्त आलेत." मी ब्लॉक केलं.

त्याच सहलीनंतर दुसऱ्याने एकच फोटो पाठवला. मीच त्याला माझ्या फोनची बॅटरी गेली म्हणून काढायला सांगितला होता. "तुमची बॅटरी संपली होती, तुम्ही नाही, याचा पुरावा," असं खाली. मी त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या. पुढे काही झालं नाही, पण तो मेसेज मला आजही आवडतो. फोटो मी मागितलेला होता किंवा मला माहीत असलेला होता, एवढाच काय तो फरक. आणि तीन दिवसांचं म्हणाल, तर हा दुसऱ्याच दिवशी आला होता.

कोथरूडकर

हा विचार मी केला नव्हता. तिने मला हात करून फोटो काढायला लावला होता, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. तरी दुसरा दिवस मला घाईचाच वाटतो. पाय दुखत असतात, माणूस चिडलेला असतो.

सुलभाताई

मला धागा उशिरा दिसला. आमच्या वेळी मेसेज नव्हते, पण तुम्ही म्हणता तसंच होतं. बँकेची सहल कर्नाळ्याला गेली होती. आमच्या शाखेतल्या एकांकडे कॅमेरा होता, छत्तीस फोटोंचा रोल. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, म्हणून आठवडा सहज गेला. मग त्यांनी ज्याच्या त्याच्या प्रती टेबलावर आणून दिल्या. माझ्या फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "कर्नाळ्याचा सुळका आणि तुमची छत्री. जास्त ताठ कोण, ते ठरत नाही." मी तो फोटो पर्समध्ये ठेवून दिला आणि दोन दिवसांनी त्यांना म्हटलं, "पेन्सिल पुसली जाते, शाईने लिहायचं होतं." पुढचं सांगायला नको. फोटो अल्बममध्ये चिकटवलाय, त्यामुळे मागची बाजू आता कुणाला दिसत नाही.

हेमंत६४

ट्रेकनंतर लीडला मेसेज करावा का, असा प्रश्न असेल तर जरूर करावा. माझी काठी बसमध्ये राहिली होती. मी फोटोसह मेसेज केला, दुसऱ्या दिवशी मिळाली.

रानजाई

काका, प्रश्न थोडा वेगळा होता, पण काठी मिळाली हे छानच.

नाव नको

मी मुलगा आहे आणि मला आवडलेलाही मुलगाच होता. राजमाचीला काजवे बघायला गेलो होतो. उधेवाडीत रात्री अंगणात सगळे आडवे पडले होते आणि तो माझ्या शेजारी हळू आवाजात काजवे का लुकलुकतात ते सांगत होता. त्याचं काय ते मला माहीत नव्हतं, अजूनही नीट माहीत नाही. त्यामुळे रानजाई म्हणते ती सुटायची जागा माझ्यासाठी जास्तच मोठी लागते. मी लिहिलं, "काजव्यांचं अर्धंच ऐकलं, मध्येच झोप लागली. बाकीचं कधी सांगतोस? यावेळी जागा राहीन." मित्रानेही लिहावं असंच हे वाक्य आहे. शेवटचे तीन शब्द मात्र मी जपून ठेवले होते. त्याने लिहिलं, "झोपलेला दिसलास, म्हणून आवाज कमी केला." आता आम्ही रोज बोलतो. याचा अर्थ काय, ते मी ठरवू शकत नाही. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.

मुग्धा_क

मला अनुभव नाही, पण झोपलेल्यासाठी आवाज कमी करणारा माणूस चांगला असतो. सरळ विचारायची घाई मी करणार नाही.

घाटावरचा

ऑफिसच्या पिकनिकचं कुणीच बोललं नाही. ज्या व्यक्तीचं अप्रेझल तुमच्या हातात आहे तिला असा मेसेज नको, लोणच्याचाही नको. तिला सुटायला जागा नसते. विषय संपला.

नवखा_ट्रेकर

मदत हवी आहे. शनिवारी रात्री कळसूबाई केला. लोखंडी शिडीवर माझ्या मागे एक मुलगी होती, घाबरली होती. "अजून किती आहेत?" विचारलं, मी म्हटलं, "ही शेवटचीच." पुढे आणखी एक शिडी आली. ती हसली आणि म्हणाली, "परत तुमच्यावर विश्वास नाही." नंतर बारी गावात नाश्त्याला ती मैत्रिणींसोबत होती. उतरताना तिने स्वतःच माझा नंबर घेतला, शिखरावरचे फोटो पाठवायला, आणि पाठवलेही. मी असं लिहिलंय: "हाय, फोटोंसाठी थँक्स. तू खूप छान दिसत होतीस. बोलायचं राहून गेलं. पुन्हा कधी भेटायचं?" पाठवू?

रानजाई

थांब. शिडी कुठे गेली यातली? तुझ्याकडे सोनं आहे आणि तू "छान दिसत होतीस" लिहितोयस. ते तिला कुणीही लिहील. शिवाय रात्रीच्या ट्रेकला हेडलाइटच्या उजेडात कोण कसं दिसतं ते आपल्याला माहीत आहे. आणि ती तुला "तुम्ही" म्हणाली, तर तूही तिला तेच म्हण. तिला वाटेल तेव्हा ती बदलेल.

पाठीमागचा लीड

तिने स्वतः नंबर घेतला, फोटो पाठवले, म्हणजे माझी हरकत नाही. हे बघ: "फोटो मिळाले, आभार. 'ही शेवटचीच' म्हणणारा तो मीच. एका जास्तीच्या शिडीची भरपाई म्हणून एक चहा लागू होतो असं मला वाटतं. विश्वास परत मिळवायला तेवढा पुरेल का, की भजीही लागतील?"

मुग्धा_क

'मला वाटतं' काढा, उगाच लांबतंय. भजी राहू देत. तिला उत्तर द्यायला ती सोपी आहे, नुसतं "भजीही" लिहिलं तरी चालेल.

नवखा_ट्रेकर

'मला वाटतं' काढून पाठवला. वाचला तिने. उत्तर नाही अजून. समजा उद्यापर्यंत आलं नाही, तर आणखी एक करू का?

पाठीमागचा लीड

नाही.

कोथरूडकर

मी करेन. आठवड्याने, पुढच्या ट्रेकची माहिती म्हणून. लोक खरंच विसरतात.

मुग्धा_क

मीही विसरते, तरी लीडदादांच्या बाजूने आहे. पुढच्या ट्रेकची माहिती ग्रुपवर टाक, तिला वेगळी नको. यायचं असेल तर ती येईल.

नवखा_ट्रेकर

आलं. "भजी आणि त्या शिडीचं लेखी स्पष्टीकरण." आता यावर काय लिहू?

रानजाई

आता आम्हाला विचारू नकोस. स्पष्टीकरण लिही.